असलम पेंटर यांचं जुनं खातं

माझे अब्बा सहा वर्षांपासून वारलेले आहेत ही गोष्ट आम्हाला यंदाच्या दिवाळीनंतर कळली. अब्बांना तर सगळ्यात शेवटी कळली, आणि तेव्हा ते चहात खारी बुडवत होते.

पण सुरुवात तिथून झाली नाही. सुरुवात झरोकाच्या नोटीसपासून झाली. झरोका हे फोटो टाकायचं ॲप. बोदवडमध्ये ज्याच्याकडे फोन आहे त्याच्याकडे झरोका आहे, आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याचे फोटो दुसऱ्याच्या झरोकावर आहेत. नोटीस अशी होती: पंधरा तारखेपासून आम्ही तुमच्या सार्वजनिक पोस्ट आणि फोटो, जुनेसुद्धा, आमच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापरू. नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. खाली दोन बटणं होती, ‘ठीक आहे’ आणि ‘अधिक जाणून घ्या’. ‘नको’ असं बटण नव्हतं.

अब्बा बोर्ड रंगवतात. असलम पेंटर, बोदवड. फ्लेक्स आल्यावर बाकीचे पेंटर फ्लेक्सकडे गेले, मीसुद्धा गेले. जळगावला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते आणि वाढदिवसाच्या दादांच्या डोक्यामागे सूर्य लावते. अब्बा मात्र ब्रशवरच राहिले. ट्रॅक्टरची ट्रॉली, दवाखान्याची पाटी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार. ते घरी आमच्या हिंदीत बोलतात आणि राग आला की शुद्ध मराठीत, कारण आयुष्यभर त्यांनी शुद्ध मराठीच रंगवली.

नोटीस वाचून ते मला फोनवर शुद्ध मराठीत म्हणाले, “हे योग्य नाही.”

त्याला कारण होतं. अब्बांच्या धंद्यात अक्षर फुकट मिळत नाही. शागीर्द आला की पहिलं वर्ष रंग घोटायचा. दुसऱ्या वर्षी दोरीला खडू लावून भिंतीवर रेघ मारायची. तिसऱ्या वर्षी उस्तादाने काढलेल्या अक्षराच्या पोटात रंग भरायचा. मग एकेक अक्षर हातात मिळतं, आणि ‘ळ’ सगळ्यात शेवटी. अब्बांना तो त्यांच्या उस्तादांनी सातव्या वर्षी दिला, तोही ईदच्या दिवशी, मिठाईसारखा. अब्बांचे चार शागीर्द झाले, चारही ‘ळ’च्या आधी पळाले. चौथी मी.

“तू वर्षभर रंग घोटला,” अब्बा म्हणाले. “माझी सख्खी मुलगी असून. या कंपनीने किती दिवस घोटला?”

“कंपनीला हात नाहीत, अब्बा.”

“मग अक्षर कशाला हवं?”

कशाला ते मला रोज दिसत होतं. आमच्या दुकानात गिऱ्हाईक हल्ली झरोकावरच पाटी बनवून आणतं. नाव टाका, ‘हाताने रंगवल्यासारखं’ निवडा, झालं. जोडाक्षरं चुकतात. ‘ळ’ तर असा येतो की दोन बटाटे सुतळीने बांधलेत. ते सुधारायचं तर चांगल्या हाताचे खूप नमुने लागतात, आणि चांगला हात बोदवडला खारी खात बसला होता.

मी रविवारी घरी पोचेपर्यंत अब्बांनी स्वतःच्या परीने बंदोबस्त केला होता. तहसीलसमोरून स्टॅम्प पेपर आणला, त्यावर शपथपत्र केलं, नोटरीचा शिक्का घेतला. टायपिंगवाल्याला हात लावू दिला नाही, सगळं स्वतः लिहिलं: ‘मी शेख असलम शेख उस्मान, वय ५८, धंदा पेंटर, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की माझे अक्षर कोणत्याही यंत्रास शिकविण्यास माझी परवानगी नाही.’ मग त्याचा भर उजेडात सरळ फोटो काढून झरोकावर टाकला. सार्वजनिक. त्यांच्या हाताचा इतका स्वच्छ नमुना त्या ॲपवर तोवर कुठेच नव्हता.

एक्केचाळीस लाइक होते. एकाने खाली विचारलं होतं, ‘लग्नपत्रिका याच अक्षरात करून मिळेल का?’

“अब्बा, असं लिहून काही होत नाही. ही पोस्ट कंपनीत कोणी वाचत नाही. सेटिंग बदलायची असते.”

“नोटरी आहे त्यावर.”

“नोटरी सेटिंगमध्ये जात नाही.”

मी फोन घेतला. सेटिंग, मग ‘गोपनीयता’, मग ‘तुमची माहिती आणि एआय’, तिथे एक खटका. चालूच होता. कोणी चालू केला? कोणीच नाही, तसाच आला. मी बंद केला. अर्ध्या मिनिटाचं काम. खाली बारीक अक्षरात: हे सेटिंग यापुढे लागू राहील, आधीच शिकवून झालेल्या प्रणालींवर त्याचा परिणाम होणार नाही.

“म्हणजे?”

“म्हणजे एकदा शिकवलं की परत काढता येत नाही. म्हणून पंधराच्या आत करायचं.”

“झालं ना मग,” अब्बा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “आणि जुनं?”

जुनं खातं मी विसरले होते. या नव्या खात्यावर जेमतेम तीस फोटो. खरा खजिना जुन्यावर: पाच वर्षांचे सहाशेबारा फोटो, सगळे सार्वजनिक. धुळ्याच्या लॉजवरची ‘शाकाहारी’ पासून वरणगावच्या सलूनवरच्या ‘केशकर्तनालय’ पर्यंत. त्यातले अर्धे बोर्ड आता भिंतीसकट पडले, फोटोतच राहिले. खटका प्रत्येक खात्याचा वेगळा. नव्यावर बंद केला म्हणून जुन्यावर होत नाही.

जुन्या खात्याचा पासवर्ड अब्बांनी एका दुकानाच्या शटरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला होता. शटर भंगारात गेलं. नवीन पासवर्ड हवा तर ओटीपी जुन्या नंबरवर. तो नंबर सात वर्षांपूर्वी रिचार्ज न करता पडून राहिला आणि बंद झाला. कंपनीला ओळखपत्र पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: ओळखपत्रावरचं नाव ‘शेख असलम शेख उस्मान’, खात्यावरचं ‘असलम पेंटर’, जुळत नाही, क्षमस्व. दहा तारीख झाली.

मग मला सुचलं की बंद झालेले नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात. मी जुना नंबर लावला. लागला.

“हॅलो,” तिकडून भारदस्त आवाज.

“नमस्कार, मी अफरीन शेख, बोदवडहून. तुमचा हा नंबर आधी माझ्या वडिलांचा होता. असलम पेंटर.”

“तो मेला,” आवाज म्हणाला, आणि फोन कट.

मी अब्बांकडे बघितलं. ते चहात खारी बुडवत होते. मी पुन्हा लावला, या वेळी स्पीकरवर.

“तुले सांगतलं ना, मेला तो. सहा वर्षं झाले. बोर्ड करायचा असला तर दुसरा पेंटर पाहा.”

“अहो, ते माझ्यासमोर बसलेत.”

“कोन?”

“असलम पेंटर.”

“काय करून राह्यले?”

“खारी खातायत.”

मग हळूहळू कळलं. ते लीलाधर महाजन, रावेरजवळच्या सावद्याचे केळीचे व्यापारी. नंबर घेतला त्या दिवसापासून त्यांना लोक फोन करून विचारत: माझी पाटी कधी होईल, पेंटर? पहिले सहा महिने ते समजावत राहिले, चुकीचा नंबर आहे. कोणी ऐकेना, कारण हा नंबर अब्बांनी रंगवलेल्या प्रत्येक बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात आहे. शेवटी वैतागून ते सांगायला लागले, पेंटर वारला. मग फोन थांबले. दोघांनी तर त्यांचंच सांत्वन केलं.

“म्हणून रावेरकडचं काम बंद झालं,” अब्बा म्हणाले. रागाने नाही, बऱ्याच दिवसांचं कोडं सुटल्यासारखे.

मी लीलाधरभाऊंना विनंती केली: तुमच्या फोनवर एक ओटीपी येईल, तेवढा सांगा.

“ओटीपी!” त्यांचा आवाज एकदम ताठ झाला. “ओटीपी कोनालेच सांगायचा नसतो. बँकेचा माणूस येऊन सांगून गेला. मेलेल्या माणसाच्या नावानं फोन येतो, समोरून पोरगी बोलते, ओटीपी मागते. मले काय नुसतं केळीतलंच कळते का?”

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर पोलिसात गेले असते.

“आम्ही तिथे येतो,” अब्बा म्हणाले. हे ते हिंदीत म्हणाले, म्हणजे मन शांत होतं.

तेरा तारखेला आम्ही निघालो. अब्बांनी ब्रशांची पिशवी घेतली. म्हटलं, कशाला, तर म्हणाले, “आधार कार्ड तू घेतलंस ना? मग माझं मी घेतलं.” भुसावळला बस बदलली, तापीचा पूल गेला, आणि मग दोन्ही बाजूला केळीच केळी, सावदा येईपर्यंत.

महाजनांचं गोदाम रस्त्यालगतच. बाहेर केळीचे घड उतरवत होते, आत लीलाधरभाऊ खुर्चीत आणि त्यांच्या पत्नी बेबाबाई बाजूला हिशेबाची वही सोडून आमच्याकडे बघत. बेबाबाईंचं माहेर धुळ्याकडचं, बोलणं अजून तिकडचंच.

“हाऊच का तो मेलेला?” त्यांनी विचारलं.

“मीच, अक्का,” अब्बा म्हणाले.

“तब्येत बरी शे की मंग.”

लीलाधरभाऊंनी अब्बांचं आधार कार्ड पाहिलं, उलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. “यावर शेख असलम आहे. पेंटर कुठे आहे?”

हा माणूस झरोका कंपनीत मोठ्या पदावर गेला असता.

“पेंटर कार्डावर नसतो, भाऊ,” मी म्हणाले.

“मग कोनी बी येऊन म्हनेल, मी पेंटर.” त्यांनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, वर जुना बोर्ड, ‘लक्ष्मी ट्रॅक्टर स्पेअर्स’, कोपऱ्यात ‘असलम पेंटर’ आणि खाली लीलाधरभाऊंचा नंबर. “सहा वर्षं तो बोर्ड माझ्या डोळ्यासमोर आहे. रोज शिव्या देतो त्याले. त्या माणसाचा हात मी झोपेत ओळखतो. ही भिंत घ्या. काढा नाव.”

अब्बांना एवढंच हवं होतं. त्यांनी गोदामाची भिंत हाताने पुसली, नखाने टोकरून पाहिली, चुना धरतो का बघितलं. रंग जवळच्या हार्डवेअरमधून आला. मी पायरीवर बसून तो घोटला, पहिल्या वर्षासारखा. दोरीला खडू लावून मी एक टोक धरलं, अब्बांनी दुसरं, मधून ताणून सोडली. भिंतीवर एक रेघ उमटली आणि घड उतरवणारे थांबून बघायला लागले.

‘लीलाधर’ला वीस मिनिटं लागली. लीलाधरभाऊ दर अक्षराला रस्त्याच्या मधोमध जाऊन समोरच्या बोर्डाकडे बघत, मग भिंतीकडे. एक ट्रक त्यांच्यासाठी थांबला. ‘ल’ची गाठ, मग ‘ध’चा पोटाकडचा उतार, मग ‘र’ची शेपटी, जिथे अब्बा ब्रश उचलायच्या आधी किंचित वळवतात.

“तोच आहे,” ते रस्त्यातून ओरडले. “बेबा, तोच आहे. शेपटी पाह्य.”

“मी कवाच सांगं व्हतं,” बेबाबाई म्हणाल्या. त्यांनी असं काही सांगितलेलं मला आठवत नाही.

तरी ओटीपी सांगायचा नसतो तो नसतोच. तोडगा निघाला: सांगायचा नाही, पण टाकायला हरकत नाही. मी माझ्या फोनवर ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं. त्यांचा फोन वाजला. त्यांनी माझा फोन मागून घेतला, आमच्याकडे पाठ केली, उपरण्याचं टोक फोनवर धरलं आणि सहा आकडे टाकले. माझ्या फोनवर. माझ्यापासून लपवून.

खातं उघडलं.

अब्बा रंगाचे हात पुसून शेजारी आले. पहिलाच फोटो, दोन हजार तेराचा: भुसावळच्या चप्पलवाल्याची पाटी, ‘आरामदायी’, आणि खाली शिडीवर अब्बा, काळ्या केसांचे. मी त्यांना थोडा वेळ बघू दिलं. मग सेटिंग, गोपनीयता, ‘तुमची माहिती आणि एआय’. खटका चालू. अब्बांनी स्वतः बंद केला, करंगळीने, कारण बाकी बोटांना रंग होता. मग जुना नंबर काढून नवा टाकला. त्याचा ओटीपी अब्बांच्या फोनवर आला आणि लीलाधरभाऊंनी नैतिकता म्हणून दुसरीकडे तोंड केलं.

“अजून एक करता येईल,” मी अब्बांना म्हणाले. “सगळ्या जुन्या पोस्ट एका झटक्यात ‘फक्त ओळखीचे’ करता येतात. खटक्याने ही कंपनी थांबते. पण सार्वजनिक ठेवलं तर बाहेरचा कोणीही फोटो उचलू शकतो, दुसरी कंपनीसुद्धा.”

अब्बांनी विचार केला. “मग गिऱ्हाइकाला दिसणार नाही?”

“ओळखीचं नसेल तर नाही.”

“दोन तालुक्यांत मी मेलेला आहे, अफरीन. अजून झाकून कुठे घेऊ? राहू दे उघडं.”

तेवढ्यात लीलाधरभाऊंनी भिंतीसमोर उभं राहून फोटो काढला. बोट ‘पोस्ट’वर नेलं, तसे अब्बा मधे उभे राहिले. नुसते उभे राहिले, हातात ओला ब्रश.

“काय झालं, पेंटर? भिंत माझी आहे.”

“भिंत तुमची. हात माझा.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, दोघांचंही खरं आहे, पण ॲपला ते कळत नाही. जो पोस्ट करतो त्याच्या खात्याचा खटका चालतो. अब्बांनी इथे कितीही बंद केलं तरी भाऊंच्या फोनवरून गेलेला फोटो भाऊंच्या सेटिंगने जाणार. आणि त्यांचं चालू असणार, कारण सगळ्यांचंच चालू येतं.

“मग राहू द्या चालू,” लीलाधरभाऊ म्हणाले. “माझे तर सगळे केळीचे फोटो आहेत. शिकू द्या त्याले केळी. केळी शिकून कोनाचं वाईट झालं?”

“तुमची केळी शिकू द्या,” अब्बा म्हणाले. “पण मग भिंतीचा फोटो नका टाकू.”

“भिंत दाखवायचीच नाही तर रंगवली कशाला?”

“ओळख पटवायला. पटली.” अब्बांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला. “उरलेली ओळ राहू दे मग. चल, अफरीन.”

भिंतीवर नुसतं ‘लीलाधर’ होतं. महाजन नाही, केळीचे व्यापारी नाही. रस्त्याने जाणाऱ्याला वाटलं असतं, लीलाधर नावाच्या कोणीतरी पोराने शाळेतून येताना लिहिलंय, फक्त फार सुंदर.

बेबाबाईंनी वही मिटली. “बंद करी टाका ना ते. तुम्हना केळास्ले कोन इचारस तठे? बठ्ठा गाव केळाच टाकस.”

लीलाधरभाऊंना ते लागलं, पण पटलंही. मी फोनसाठी हात पुढे केला. त्यांनी फोन छातीशी धरला. “तू तोंडानं सांग. मी करतो.”

मग मी पायरीवरून सांगत राहिले आणि ते खुर्चीतून शोधत राहिले. आधी भाषा बदलून गुजराती झाली. मग सगळ्या सूचना बंद झाल्या. मग त्यांनी चुकून बारा जणांना ब्लॉक केलं. त्यातल्या तिघांना परत घेतलं, नऊ जणांना म्हणाले राहू द्या. पाऊण तास गेला. अब्बा भिंतीला टेकून बसले होते, घाई नव्हती. शेवटी भाऊंनी लांबूनच, दोन्ही हातांनी, स्क्रीन आमच्याकडे फिरवली. खटका बंद.

“झालं?”

“झालं,” मी म्हणाले.

“केळीचा भाव तर पडनार नाही ना याच्यानं?”

“त्याचा काही संबंध नाही, भाऊ.”

अब्बा उठले आणि उरलेली ओळ काढायला लागले. महाजन. मग ‘केळीचे व्यापारी’. ‘ळ’ आला तेव्हा मी उठून जवळ गेले. अब्बांनी हात थांबवला नाही, फक्त थोडे डावीकडे सरकले, मला दिसेल असे. मागे घड उतरवणारे दोघं, बेबाबाई आणि ट्रॅक्टरवाल्या दुकानाचा मालक उभे होते. मालकाने खिशातून फोन काढला.

“अब्बा, ते फोटो काढतायत. त्यांचं चालू असेल.”

अब्बांनी मागे वळून पाहिलं. दुपारचं ऊन होतं आणि तो माणूस डोक्यावर पिशवी धरून, एक डोळा बारीक करून, अक्षर पुरं होण्याची वाट बघत होता.

“किती वेळ उभा आहे?”

“अर्धा तास तरी.”

“मग काढू दे,” अब्बा म्हणाले. “निदान उन्हात तरी उभा राहिला.” आणि दोन मिनिटांनी म्हणाले, “नंतर त्याला ते खटक्याचं सांग मात्र. तोंडाने.”

शेवटी त्यांनी कोपऱ्यात बारीक ‘असलम पेंटर’ लिहिलं आणि नवा नंबर घातला. लीलाधरभाऊ चष्मा लावून पुढे झाले. एकदा पोळलेला माणूस. त्यांनी भिंतीवरचा एकेक आकडा बोटाने बघत आपल्या फोनवर दाबला आणि कानाला लावला. अब्बांच्या खिशात रिंग वाजली. अब्बांनी रंगाच्या हाताने फोन काढला.

“हॅलो, कोण?”

“मी लीलाधर महाजन, सावदा,” दोन हातांवरून भाऊ म्हणाले. “असलम पेंटर बोलतात का?”

“बोलतोय,” अब्बा म्हणाले. “बोला.”